ताईच्या लग्नाची पांढरी जॉर्जेट

ताईच्या लग्नाला चार दिवस उरले असताना मी तिची लग्नाची साडी धुतली. आज हे सांगितलं की घरात हशा पिकतो. तेव्हा कोणी हसलं नव्हतं, आणि मी तर अजिबात नाही.

आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीत राहायचो. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि होणाऱ्या भाऊजींचं गाव तिकडं गेलं होतं. त्यामुळं पत्रिकेत जिल्हा कोणता छापायचा यावर बाबांनी आणि मामानं अख्खी संध्याकाळ वाद घातला. मामा नागपूरला नोकरीला. भाचीच्या लग्नाची पांढरी साडी मीच घेणार, असं त्यानं ताई शाळेत असतानाच जाहीर केलेलं. आमच्या बौद्ध लग्नात नवरी पांढरं नेसते. मामानं आणली ती रेशमाची जॉर्जेट. अशी साडी आमच्या घरात कधी आलीच नव्हती. हातात धरली की घसरायची. आईनं तिची घडी तीनदा घातली आणि तीनदा ती मांडीवरून खाली गेली. "बाप्पा, साडी हाय का मासोळी?" आई म्हणाली.

शेजारच्या बायका साडी बघायला आल्या. चहा मी नेत होते. ट्रे वाकडा झाला आणि चहाचे चार थेंब पदराजवळ पडले. कोणाचं लक्ष नव्हतं. मी साडी पटकन उचलली, "ठेवून देते" म्हणाले आणि आत पळाले. तिथंच सांगितलं असतं तर गोष्ट चार थेंबांवर संपली असती. पण माझी अक्कल तेव्हा गुडघ्यात होती, आणि ताईचा राग मला माहीत होता.

दुसऱ्या दिवशी आई-ताई बांगड्या घ्यायला गेल्या आणि मी न्हाणीत शिरले. डाग चहाचा, म्हणून पाणी कढत. त्यात मूठभर साबणाची पावडर. अर्धा तास भिजवली, घासली, दोन्ही हातांनी पिळली. एवढ्यावर थांबेल ती मी कसली! आमच्या घरी पांढरं म्हणजे कडक. जयंतीला आईची सुती साडी आणि बाबांचा सदरा भाताच्या मांडात बुडवून असा वाळायचा की उभा केला तर उभा राहावा. त्या कडकपणाचा आम्हाला अभिमान होता. मग लग्नाच्या साडीला मांड नको? दिला. आणि परसातल्या तुराट्यांच्या कुंपणावर, उन्हात, साडी पसरली.

तासाभरानं बघायला गेले. साडी भाजलेल्या पापडासारखी सुरकुतली होती. तुराट्यांच्या टोकांना अडकून जागोजाग धागे बाहेर आलेले. कमरेला लावून पाहिली. काल पावलांवर लोळणारी साडी घोट्याच्या वर. पन्ना, म्हणजे साडीची रुंदी, जवळजवळ वीतभर कमी झाला होता. ताई आमच्यात सगळ्यात उंच. लग्न रविवारी, दुसरी पांढरी साडी घरात नाही, आणि मामाचं तोंड डोळ्यांसमोर. माय वो, किती रडले मी!

बाजाराच्या रस्त्यावर एक काकू कोळशाच्या इस्तरीचं दुकान चालवायच्या. तहसिलीतल्या साहेबांचे कपडे त्यांच्याकडे, लग्नाच्या साड्याही त्यांच्याकडे. तोंडानं फटकळ. मी पिशवीतून साडीचा बोळा काढून त्यांच्या इस्तरीच्या लाकडी तखतावर ठेवला. त्यांनी तो उलगडला, बोटांनी चोळला, वास घेतला.

"मांड देला?"

मी मान हलवली.

"जॉर्जेटले मांड! अन् पिळली बी असन. काहून वो, रेशमाले कोणी असं मारते का?"

मला वाटलं, आता हाकलणार. पण त्यांनी पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि मी सगळं ओकून टाकेपर्यंत ऐकून घेतलं. मग साडीच्या काठाचा एक धागा सोडवून माझ्या हातात दिला. धागा सोडताच स्वतःभोवती गुंडाळला.

"पाह्य. यात पीळ किती हाय. हे कापड निस्त्या पिळाचं असते. एक धागा उजवीकडं वळलेला, एक डावीकडं. कारखान्यात ओढून-ताणून सरळ केलेलं. पाणी पेलं की धागा फुगते, अन् पीळ जागा होते. बाजेची दोरी भिजली की कशी आवळते? तसंच."

बाजेची दोरी मला माहीत होती. पावसात बाहेर राहिलेली आमची बाज अशीच तटतटायची. पहिल्यांदा वाटलं की ही काही जादू किंवा शाप नाही, यात कारण आहे. आणि कारण असेल तर इलाजही असेल. "होईन का सरळ?" मी विचारलं.

"बरीच होईन. सगळी नाई. अन् एकटीनं नाई होत. दोन जणी लागतात, दोन काठांवर. मी मधात इस्तरी धरीन. उद्या सकाळी घरून एक बाई घेऊन ये."

"तुम्हीच कोणाले बोलवा न, काकू."

"मले गिऱ्हाईक हाय. माणूस तुह्या घरचं. लपवून कापड सरळ होत नाई."

आईला सांगितलं असतं तर तिनं धसका घेतला असता. उरली ताई. त्या रात्री मी जेवले नाही. चोराच्या मनात चांदणं; ताईनं सहज "काय झालं?" विचारलं तरी मी पाण्याच्या निमित्तानं उठून जायचे. शेवटी भांडी घासताना सांगून टाकलं. ती ओरडली नाही. हातातली ताटली ठेवली आणि म्हणाली, "चाल, सकाळी जाऊ." तिनं ओरडायला हवं होतं.

सकाळी काकूंनी आधी साडीचा फॉल काढला. ब्लेड लावलं नाही, सुईनं एकेक टाका उचलला. सुती फॉल वेगळा आटतो, जॉर्जेट वेगळी. दोघं एकत्र राहिले तर काठ चुण्यांनी भरतो. मग थंड पाण्यात रिठ्याचा थोडा फेस करून साडी बुडवली आणि फक्त हलकेच दाबली, मांड निघेपर्यंत, तीन पाणी. उचलताना दोन्ही तळवे खाली घालून उचलली. "टोकाला धरून उचलली तं पाण्याच्या वजनानंच लोंबते," म्हणाल्या. पिळणं नाहीच. जुन्या सुती चादरीत गुंडाळी करून वरून दाबत गेल्या आणि पाणी चादरीनं पिऊन घेतलं.

बाहेर आलेले धागे कापायला मी कात्री उचलली तर हातावर चापट बसली. "कापला की भोक. ओढला गेला तो धागा तिथंच हाय, फक्त जागा सोडली त्यानं." बोथट सुईनं तो धागा जिथून आला त्याच रेषेत थोडा इकडं, थोडा तिकडं सरकवत त्यांनी परत नेला. मलाही शिकवलं. बावीस धागे होते. मी मोजले, कारण ते सगळे माझेच होते. दोन काही नीट बसले नाहीत, ते उलट्या बाजूला ओढून ठेवले.

मग तखतावर घोंगडी, तिच्यावर सुती चादर. नुसत्या तखतावर साडी घसरून खाली जाते, सुताला मात्र धरून राहते. एका काठाला ताई, दुसऱ्याला मी. "सरळ ओढा, धाग्याच्या रेषेत. तिरपं ओढलं की कापड वाकडं होते, मग देवबाप्पा आला तरी सरळ होत नाई."

ताईनं पहिलाच हिसका असा दिला की माझ्या हातातून काठ सुटला.

"राग कापडावर नोको काढू," काकू म्हणाल्या. "ते तिच्यावर काढ, बाहेर जाऊन."

ताईनं माझ्याकडं पाहिलं. काल रात्रीपासून पहिल्यांदा. "मले सांगाले काहून भ्याली तू?" तिचा आवाज फाटला. "साडीपायी मी तुले खाल्लं असतं का?" मी सुटलेला काठ पुन्हा उचलला. काकूंनी इस्तरीचे निखारे कमी केले, चिंधीवर टेकवून पाहिली, साडीवर मलमलचा तुकडा टाकला आणि म्हणाल्या, "हं, आता दोघी बरोबर." आम्ही एकमेकींकडं बघत हळूहळू ओढलं. तिनं जेवढं, तेवढंच मी. काकूंनी इस्तरी फिरवली नाही; ठेवायची, उचलायची, पुढं ठेवायची. साडी ओलसर होती तोवरच ती ऐकत होती. वीत वीत करत साडेपाच मीटर. दुपार झाली. माझी बोटं दुखत होती आणि मला त्याचं बरं वाटत होतं.

शेजारी कोणाची तरी शिफॉनची ओढणी पडली होती. ती दाखवून काकू म्हणाल्या, "ही तं याहून नाजूक. वीण इतकी विरळ की शिवण ताणली तरी धागे बाजूले सरकतात. हिले अंगठी घातलेला हात बी लावू नोको." मी तेव्हाच बोटातली अंगठी काढून खिशात टाकली. पुढं मी स्वतः शिवणकाम केलं, पण अशा कापडाची जी काही समज मला आली ती त्या एका दुपारी, त्या तखताशी.

पन्ना आला, पण पूर्ण नाही. दोन बोटं कमीच राहिला. चहाचा डाग तेवढा गेला होता. काकूंनी साडीची घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून दिली आणि ताईला सांगितलं, "रविवारी सपाट चप्पल घाल, अन् कमरेत थोडी खाली खोच."

रविवारी ताई पांढऱ्या साडीत उभी राहिली. साडी अंगावरून पाण्यासारखी उतरत होती. वंदना झाली, फुलं पडली. मी पहिल्यांदा चार दिवसांत पोटभर श्वास घेतला. तेवढ्यात जेवणाच्या पंगतीजवळ मामा बाबांना सांगताना ऐकू आला, "पन्ना आखूड देला त्या भामट्यानं! दाखवली तवा बरोबर होती, बांधून देताना बदलली. उद्या नागपूरले गेलो की त्याच्या दुकानातच जातो. चार लोकांत इज्जत काढतो त्याची."

बाबा मान हलवत होते. ताईनं ऐकलं आणि लांबून मला डोळ्यांनी खुणावलं, राहू दे. पण एक निरपराध दुकानदार माझ्यापायी शिव्या खाणार होता.

"मामा, दुकानदाराची चूक नाई," मी म्हणाले. "मी धुतली साडी. कढत पाण्यात. मांड बी देला."

मामा माझ्याकडं बघतच राहिला. मग साडीकडं. "मांड देला? मंग एवढी सरळ कशी?"

ताईनं लग्नाला बोलावलेल्या काकू पंगतीत बसल्या होत्या; मी त्यांच्याकडं बोट दाखवलं. मामा तसाच गेला आणि त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहिला. "बाई, माही इज्जत राखली तुम्ही."

काकूंनी घास खाली ठेवला. "म्या काय केलं, भाऊ? निस्ती इस्तरी धरली. ओढणाऱ्या या दोघी होत्या. एकीनं जरी राग धरून ठेवला असता, तं साडी वाकडीच राह्यली असती."

ताई तिथवर आली होती. तिनं माझा हात धरला, दुखऱ्या बोटांसकट, आणि घट्ट दाबला. पाठवणीला अजून दोन तास होते, पण मी तिथंच, सगळ्या पाहुण्यांदेखत, भोकाड पसरलं.