वच्छलाबाईंचा पाचवा प्रश्न

अमरावतीच्या बायकांच्या ट्रेनिंग शाळेत वच्छलाबाई शिकवत असत, पण त्यांची खरी ख्याती विचारण्याची होती. होतकरू मास्तरणीने वर्गात नमुन्याचा पाठ घ्यावा आणि मागे बसलेल्या वच्छलाबाईंनी शेवटी हळूच एक प्रश्न टाकावा. बाई रागवत नसत, चुका काढत नसत. पोरगी आपल्याच तोंडाने सगळं सांगून मोकळी व्हायची. बाईंच्या माहेरी भाजीचा मळा होता, लहानपण इतवाऱ्याच्या बाजारात मेथीच्या जुड्यांपाशी गेलं होतं. आल्याआल्या भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला आई कधी नीट बोलायची नाही. आधी मळ्याची, पाण्याची चौकशी करणाऱ्याला मात्र ती घरच्या भानगडीसुद्धा ऐकवायची. बाई ते बघत मोठ्या झाल्या होत्या.

स्वराज्य येऊन दुसरं वर्ष सरत होतं. नागपूरच्या सरकारने प्राथमिक शाळांतून नवा अभ्यासक्रम सुरू केला होता: आधी हाताला काम, मग त्या कामातून लिहिणं, वाचणं, हिशेब. वऱ्हाड कापसाचा मुलूख, तेव्हा काम कुठलं हे कुणाला विचारावंच लागलं नाही. पोराबाळांच्या हाती सूत कातायच्या टकळ्या आल्या आणि महिन्याला शाळेने सुताच्या किती गुंड्या दाखवायच्या ते ठरलं. छापील चौकशीपत्रकं गावोगाव गेली. 'अभ्यासक्रम उपयुक्त आहे' असा एकच साचेबंद जबाब घेऊन ती परत आली.

शाळांचे असिस्टंट इन्स्पेक्टर उत्तमराव साहेब हे वाचून वैतागले. माणूस शिकलेला होता आणि मनाचा वाईट नव्हता. त्यांनी वच्छलाबाईंना बोलावून घेतलं. "पत्रकं पुरे झाली. सात-आठ शिक्षकांना एकत्र बसवू आणि बोलू देऊ. काय विचारायचं, कुठल्या क्रमाने विचारायचं, अडलं तर कसं खणायचं, याचा आराखडा तुम्ही करा. पहिली बैठक तेल्हाऱ्याला घेऊ, मग अकोल्याला."

बाईंना असं काम कुणी कधी दिलं नव्हतं. त्या हरखल्या.

पहिला आराखडा मात्र पार फसला. सुरुवातीलाच 'नवीन अभ्यासक्रम कसा वाटतो?' असं लिहिलं होतं. शाळेतल्याच तीन-चार शिक्षिकांना बसवून त्यांनी तो आजमावून पाहिला. एक म्हणाली, "चांगला हाय जी." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि बैठक संपली. पहिल्या तोंडाने जे म्हटलं ते मोडून पुढे बोलायची हिंमत मग कुणाला होईना.

बाईंनी तो कागद फाडला आणि नव्याने बसल्या. मत विचारायचं ते शेवटाकडे नेलं. सुरुवातीला असा प्रश्न घेतला की लाजरीतली लाजरी बाईसुद्धा उत्तर देईल: गाव कुठलं, वर्ग किती, पोरी किती. सगळ्यांचं तोंड एकदा तरी उघडलं पाहिजे. मग काल शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत काय काय झालं ते. मग नवीन पुस्तकं, मग गावातल्या आईबापांचं म्हणणं. पाचवा प्रश्न सुताचा: 'कातायचा तास कसा जातो?' त्याच्या खाली बारीक अक्षरात उपप्रश्न होते. कुणी मोघम बोललं तर 'एखादा दिवस आठवून सांगा'. कुणी थोडक्यात आटपलं तर 'मग पुढं काय झालं?' कुणीच बोललं नाही तर गप्प राहायचं, मधे शब्द घालायचा नाही. 'का' हा शब्द त्यांनी सगळीकडून काढून टाकला, कारण वऱ्हाडात 'काहून केलं?' म्हटलं की माणूस सारवासारव करायला लागतो, घडलेलं सांगत नाही. शेवटचा प्रश्न होता, 'आम्ही विचारायचं काय राहिलं?'

मास्तर आणि मास्तरणी वेगवेगळे बसवायचे, कारण पुरुषांसमोर बायका बोलणार नाहीत. हेडमास्तर तर कुठल्याच बैठकीत नकोत. साहेबांनी हे सगळं मान्य केलं. आराखड्याच्या माथ्यावर बाईंनी लिहिलेली ओळही त्यांनी तशीच ठेवली: 'इथे बोललेलं कुणाच्याही नावाने लिहिलं जाणार नाही.' बैठकीत सगळ्यांत आधी हे वाचून दाखवायचं होतं.

तेल्हाऱ्याच्या शाळेत सतरंजीवर बायका गोल करून बसल्या. उत्तमरावांच्या कचेरीतले कारकून देवीदास बाईंच्या मागे टाचणं घ्यायला बसले. समोरच हिवरखेडची मनकर्णा होती. बाईंच्या हाताखालीच ती शिकून गेली होती. अकाली विधवा झालेली, घरी लुळी पडलेली सासू, आणि मुलींच्या सरकारी शाळेवर एकटी शिक्षिका. तालुक्यात अशी एकटीने चालवलेली मुलींची शाळा तेवढी एकच होती.

पहिले चार प्रश्न सुरळीत गेले. पाचव्याला बाया एकदम गप्प झाल्या. एकीने पदर सारखा केला, दुसरी खिडकीबाहेर बघत राहिली. बाई बोलल्या नाहीत. देवीदासांनी टाक वर केला, तरी बाई बोलल्या नाहीत. आणि मग मनकर्णा हसली.

"कातनं म्हनता बाई? पयलीच्या पोरीयच्या बोटात टकळी ठयरत नाई. कापसाचा पेळू तुटते, पोरी रडते. गुंड्या काई होत नाई."

"मग एखादा दिवस आठवून सांग ना."

बाईंच्या तोंडून हे सवयीने गेलं. आराखड्यात तसंच होतं.

"मागचा मयना घ्या ना. तपासनी होती. आमच्या गावात पार्बताबाई हाय, घरी चरख्यावर सूत कातते. तिच्यापासून गुंड्या घेतल्या न् टकळीच्या म्हनून ठेवल्या पुढं. तेवढ्या वेळात पोरीयले बेरजा शिकवल्या. आता त्यायले भागाकार येते."

"मग पुढं काय झालं?"

"काय होनार? साहेब म्हने, लय छान सूत हाय."

सगळ्या खोखो हसल्या. "आमीबी तसंच करतो वं," एक म्हणाली. "मी तं बजारातून आनतो," दुसरी म्हणाली. मग कोण बोललं न् कोण नाही याचा पत्ताच राहिला नाही. कापूस हलका येतो, टकळ्या वाकड्या येतात, सुताच्या धाग्यावर हिशेब कसा शिकवायचा ते कुणी दाखवलंच नाही. दुपार कलली तरी बाया उठेनात. वच्छलाबाईंचं काळीज सुपाएवढं झालं होतं. साचेबंद जबाबाच्या खाली काय होतं ते आज वर आलं होतं, आणि ते त्यांच्या आराखड्याने वर आणलं होतं. परतताना गाडीत त्या देवीदासांना म्हणाल्या की आता तरी टकळीचा तास कमी होईल.

अहवाल त्यांनी जपून लिहिला. नाव नाही, गाव नाही. 'काही शाळांत सूत बाहेरून आणून दाखवावे लागते.' पण उत्तमराव म्हणाले, "नागपूर विचारेल, हे कशावरून? मूळ टाचणं जोडा."

"साहेब, टाचणं नको. त्यात सगळं बारीकसारीक आहे."

"नावं आहेत का?"

"नावं नाहीत."

"मग काय बिघडलं?"

देवीदास इमानदार माणूस. त्यांनी मनकर्णाचं नाव लिहिलं नव्हतं. 'मुलींची शाळा, एकटी शिक्षिका, पार्बताबाईकडून गुंड्या, मागल्या महिन्याची तपासणी' एवढंच होतं. बाकीच्यांचं 'आमीबी' मात्र त्यांना हशात धड टिपता आलं नव्हतं. तिथे नुसतं 'हशा' असं लिहिलं होतं. खणून विचारलं गेलं होतं ते एकटीलाच, म्हणून ओळखू येत होती तीही एकटीच.

नागपुराहून उत्तर आलं ते टकळीच्या तासाबद्दल नव्हतं. खोटं सूत दाखवणाऱ्या हिवरखेडच्या शिक्षिकेची बदली मेळघाटात, सेमाडोहला. बाई तशाच उत्तमरावांकडे गेल्या. त्या माणसाचंही तोंड उतरलं होतं.

"आपण शब्द दिला होता, साहेब. मी स्वतः वाचून दाखवला."

"नाव लिहिणार नाही म्हणालो होतो. लिहिलंही नाही."

"पण ती तिच्या दिवसावरून ओळखली. तो दिवस मी तिला आठवायला लावला."

"बाई, मला कळतं. पण कागद वर गेला, आता तो माझ्या हातात नाही. मी लिहून पाहिलं. त्यांनी मलाच विचारलं, तिथली तपासणी तुम्हीच केली, तेव्हा काय पाहत होता?"

माफी कुणाची मागावी न् कुणाकडे जावं, बाईंना काहीच सुचेना. रागवायला समोर कुणी खलनायक असता तर बरं झालं असतं. एक चांगला आराखडा होता, एक खरं बोलणारी बाई होती, आणि दोन्हींनी मिळून त्या बाईचं वाटोळं केलं होतं.

त्या हिवरखेडला गेल्या. मनकर्णा खाटेवरच्या सासूला पेज भरवत होती. लुळ्या म्हातारीला जंगलात हिवतापात न्यायचं कसं आणि टाकून जायचं तरी कोणापाशी? नोकरी सोडल्यावाचून तिला गत नव्हती. बाईंना पाहून तिने डोळे पुसले.

"तुमी विचारलं म्हनून सांगतलं बाई. दुसऱ्या कोनाले नसतं सांगतलं."

तिने राग केला असता तर वच्छलाबाईंना तो सोसवला असता.

पंधरवड्याने अकोल्याची बैठक होती. बाईंनी नको म्हणून पाहिलं, हुकूम बदलला नाही. आराखडाही तोच. माथ्यावरची ओळ त्यांनी कागदावरून मान वर न करता वाचली. तेल्हाऱ्याची गोष्ट इकडे पोचली होती, बहुतेक बाया तोंडं शिवून आल्या होत्या. पाचव्या प्रश्नाला मात्र सत्यभामा नावाची कोवळी पोर, नुकतीच नोकरीला लागलेली, गुडघ्यावर पुढे सरकली. तिला काही माहीत नसावं.

"बाई, सुताचं खरं सांगू का? आमच्या शाळेत ना, गेल्या हप्त्यात..."

मागे देवीदासांचा टाक कागदावर टेकल्याचं बाईंना कळलं. इथे आराखडा म्हणत होता, थांबा, मग विचारा. वच्छलाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं बोलणं मधेच तोडलं.

"ते राहू दे. पुढचा प्रश्न घेऊ."

"पन माह्यं सांगनं..."

"पुढचा प्रश्न," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.

पोरगी मागे सरकून बसली. "ऐकाचंच नव्हतं तं आमाले बलावलं कशाले?" ती शेजारणीला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. कुणी हसलं नाही. वच्छलाबाईंनी 'नवीन अभ्यासक्रम कसा वाटतो?' हा सहावा प्रश्न वाचला, बायांनी एकेक करून 'चांगलं हाय' म्हटलं, आणि देवीदासांनी ते लिहून घेतलं.