जोगिणीच्या दोन ओळी

भोरच्या एसटी स्टँडजवळ माझी टायपिंगची संस्था होती. कॉम्प्युटर आल्यावर ती बंद पडली, आणि त्याच खोलीत मी सायबर कॅफे काढलं. सगळे कॉम्प्युटर एकमेकांना वायरने जोडलेले होते. संध्याकाळी बाजारातली, कॉलेजातली पोरं येऊन त्यांच्यावर लढाईचा एक खेळ खेळायची. इकडे पाच जण, तिकडे पाच जण, आणि प्रत्येकाचा आपला एक हिरो. माझी पन्नाशी उलटून गेली होती. आधी मी नुसता मागे उभा राहून बघायचो. एकदा एक भिडू कमी पडला म्हणून बसलो आणि बसतच गेलो.

मी म्हातारा संन्यासी घ्यायचो. त्याला मारामारी जमत नसे. तो जखमी गड्यांवर हात ठेवून त्यांना बरं करायचा. "काका, तुमाला हिरो शोधायची गरजच न्हाई पडली, हुबेहूब तुमीच हायसा," असं म्हणून पोरं हसायची. पण माझ्यामुळे वाचायचीही. त्या दिवसांत दुसऱ्या कुठल्याच गोष्टीत माझी कुणाला इतकी गरज लागत नव्हती, हे खरं आहे.

खेळाची नवीन आवृत्ती आली की तिच्याबरोबर पॅच नोट्स यायच्या, म्हणजे कुठल्या हिरोत काय बदललं याची इंग्रजी यादी. एखादा फार वरचढ झाला की त्याची ताकद कापायची, दुबळ्याची वाढवायची, असा तो समतोल. ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. आपल्या हिरोचं नाव आलं की पोरं निकाल ऐकावा तशी गप्प व्हायची. पहिल्यांदा 'कूलडाऊन तीसवरून वीस' असं वाचलं तेव्हा एकाने कपाळावर हात मारला. "मेला माझा गडी!" मी म्हणालो, "अरे, कूलडाऊन म्हणजे एकदा विद्या वापरल्यावर थांबायचा वेळ. तो कमी झाला. तुझा फायदाच आहे." मी त्यांना आणखी एक सांगत असे. एकटी ओळ वाचून हसू नका, रडू नका. शेजारची ओळही वाचा. दोन आकडे एकत्र काय करतात ते बघा.

हे मी शिकवलं होतं. म्हणून पुढचं लिहिताना मला अज्ञानाचा आधार घेता येत नाही.

आमच्यात विंझर गावचा एक तरुण होता. भोरच्या बाजारपेठेत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तो कामाला होता. केसाएवढ्या तारा जोडणारा हात. त्याची हिरो म्हणजे जोगीण. ती आधी जाळं टाकून समोरच्याला दोन सेकंद जागेवर खिळवायची, मग त्याच जागी वीज बोलवायची. वीज बोलावल्यापासून पडायला एक पूर्णांक सात दशांश सेकंद लागत. म्हणजे जाळं पडल्यावर वीज बोलवायला हाताशी उरायचे तीन दशांश सेकंद. तेवढ्यात त्याचं बोट पोचायचं. आमच्यातल्या दुसऱ्या कुणाला ते जमत नसे. "आरं, बोट हाय का विंचू?" असं त्याला चिडवायचे, पण डाव त्याच्यावरच उभा असायचा.

पुण्यात स्पर्धा ठरली. आमच्या पाच जणांत मीही होतो. खेळ सर्वांत नव्या आवृत्तीवर होणार होता. ती मी एका सकाळी कॅफेत कुणी नसताना उतरवून घेतली आणि नोट्स उघडल्या. माझा संन्यासी कापला होता. बरं करण्याची ताकद बरीच घटली होती, कूलडाऊन वाढला होता. मग जोगिणीच्या दोन ओळी आल्या. विजेचा मार वाढवला. जाळ्याचा वेळ दोन सेकंदांवरून एक पूर्णांक सहा.

पहिली ओळ एकटी वाचली तर ती बळकट झाली होती. दोन्ही मिळून वाचल्या तर तिचा डावच संपला होता. जाळं सुटायचं आधी, वीज पडायची नंतर.

मला सगळं कळलं. पण मी विचार केला तो माझ्या संन्याशाचा. सराव नव्या आवृत्तीवर झाला, तर दोन दिवसांत पोरांच्या लक्षात येईल की काका आता उपयोगाचे नाहीत. पाचव्या जागेसाठी एक चपळ पोरगा टपलेलाच होता.

संध्याकाळी पोरांनी विचारलं, "काका, नवीन आलं का वो?"

"आलंय. पण फाईल मोठी आहे, लाईन तुटते. पुण्यात असेलच."

"आन् नोटा वाचल्या?"

"वाचल्या. बारीकसारीक आहे सगळं." मग त्या तरुणाकडे बघून म्हणालो, "तुझ्या विजेचा मार वाढलाय."

त्याचा चेहरा अजून दिसतो. "व्हय? मग तर झालंच की काका!"

पुण्यात शेवटपर्यंत लढत बरोबरीत होती. निकाल लागणारी चकमक आली. त्याने जाळं टाकलं, वीज बोलावली. समोरचा एक पाऊल बाजूला झाला आणि वीज रिकाम्या जमिनीवर पडली. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. तो घाबरून आणखी घाई करू लागला. मी शेजारीच बसलो होतो. तो कितीही घाई करो, वीज नेमावर पडणार नव्हती. आम्ही हरलो.

परतीच्या एसटीने कात्रज सोडलं. मग आमच्यातल्या एकाने विचारलं, "काका, ते पुन्याचं पोरगं म्हनत होतं, जोगिणीचं कायतरी बदललंय. तुमी वाचलं होतं का?"

तो तरुण माझ्याकडे बघत होता. सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता.

मी म्हणालो, "तसं काही वाचल्याचं आठवत नाही."

"मग हातच गारठला म्हना की याचा," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. तोही हसला.

त्याला 'थरथऱ्या' नाव पडलं. बाजारात नावं लवकर पसरतात. दुकानात आलेली गिऱ्हाइकं गमतीनं म्हणू लागली, "माझा मोबाईल थरथऱ्याकडं नको गड्या." पाचांतली त्याची जागा त्या चपळ पोराला मिळाली. कॅफेत मी जुनीच आवृत्ती चालू ठेवली, म्हणून माझी मला राहिली. पुढे त्याने कॅफेत यायचं सोडलं, नंतर दुकानही सोडलं, आणि विंझरला वडिलांच्या किराणा दुकानात बसू लागला. त्याच्या गल्ल्यावर बसण्याला दुसरीही कारणं असतील. पण नाव मी दिलं होतं, न बोलता.

कॅफे बंद करून बरीच वर्षं झाल्यावर वेल्ह्याला जाताना मी त्याच्या दुकानाशी थांबलो. त्याने ओळखलं, आत बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला. मी सांगायचं ठरवूनच उतरलो होतो. पण तोच आधी बोलला.

"काका, त्या दिवशी माझा हात का चालला न्हाई, अजून कळत न्हाई बगा. लई सराव केल्ता."

तेव्हाही मी म्हणालो, "जाऊ दे रे. चालायचंच." आणि चहा पिऊन उठलो.

म्हणून हे लिहितो आहे. त्याचा हात थरथरला नव्हता. जाळं एक पूर्णांक सहावर सुटत होतं आणि वीज एक पूर्णांक सातवर पडत होती. माणसाच्या हाताला तिथे जागाच नव्हती, आणि हे त्या दिवशी पुण्यात आमच्यापैकी मला एकट्याला माहीत होतं.

हे छापून आलं की ते घेऊन मी विंझरला जाणार आहे. पूर्वी वाचायचो तसं त्याच्यासमोर मोठ्यानं वाचणार आहे. जोगिणीच्या दोन्ही ओळी.