मेणाच्या नळीवरचं दुसरं वाक्य

दिगंबर खरवंडीकर लोणावळ्याच्या ‘घाटमाथा’ साप्ताहिकात बारा वर्षं बातम्या लिहीत होते. त्यांची भाषा भरजरी. सभेचं वर्णन वाचून लोक म्हणत, आम्ही गेलो नव्हतो तरी गेल्यासारखं वाटलं. १९३८ सालच्या उन्हाळ्यात संपादक अनंतरावांनी अनसूयाबाई या तरुण शिक्षिकेला अर्धवेळ कामावर घेतलं, आणि दिगंबरपंतांची झोप उडाली.

अनसूयाबाई वर्णन करतच नसत. कचेरीत नुकताच डिक्टाफोन आला होता. बोलणं मेणाच्या नळीवर उमटायचं आणि कानाला रबरी नळ्या लावून हव्या तितक्या वेळा ऐकता यायचं. त्या ऐकत आणि मुद्दे काढत. एका मुद्द्यात एकच गोष्ट, कोण बोललं त्याचं नाव, आणि जसेच्या तसे शब्द असतील तेवढेच अवतरणचिन्हांत. ऐकू न आलेल्या शब्दाची जागा कोरी. अनंतराव तो कागद सगळ्यांना दाखवत. दिगंबरपंतांना ते वाण्याच्या यादीसारखं वाटे, आणि तरी घरी जेवताना त्यांच्या तोंडी त्याच बाईंचा विषय असे.

मे महिन्यात एका वीज कंपनीच्या इंजिनियरने तुंगार्लीच्या बंगल्यात वार्ताहरांना बोलावलं. कुरवंड्याच्या बाजूला तलाव व्हायचा होता. डिक्टाफोन टेबलावर होता, नळ्या बदलायला अनसूयाबाई शेजारी होत्या. दिगंबरपंत पहिल्या रांगेत बसून टिपणं घेत होते. त्याच संध्याकाळी त्यांनी पुण्याच्या एका दैनिकाला मजकूर धाडला. त्यात अवतरणात इंजिनियरचं वाक्य होतं: “कोणालाही घर सोडावे लागणार नाही.”

दोन दिवसांनी अनसूयाबाईंचे मुद्दे तयार झाले. त्यातले तीन असे होते:

• तलावाच्या जागेची मोजणी पुरी झाल्याचे इंजिनियरांनी सांगितले.
• हरकती तीस दिवसांत लेखी द्याव्यात, असे ते म्हणाले.
• घरे उठतील काय, या प्रश्नावर त्यांचे उत्तर: “या वर्षी कोणालाही घर सोडावे लागणार नाही. पुढच्या वर्षाचे मी आज बोलत नाही.”

दिगंबरपंतांनी कागद वाचला आणि त्यांना बरंच वाटलं. अखेर बाई चुकल्या. त्यांनी अनंतरावांना सांगितलं की दुसरं वाक्य बाईंच्या मनचं आहे. अनंतराव म्हणाले, उद्या दुपारी नळी ऐकू.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरवंड्याचा कोंडाजी कचेरीत आला. त्याच्या हातात पुण्याचं दैनिक होतं.

“पंत, तुमीच लिवलंय न्हवं? कुनालाबी उठवनार न्हाई. मंग आमी हरकतीचा अर्ज कशापायी करायचा? लोक म्हनत्यात, ऱ्हाऊ द्या.”

दिगंबरपंतांनी त्याला ओट्यावर बसायला सांगितलं आणि आत जाऊन तिसरी नळी लावली. खरखरीतून इंजिनियरचा आवाज आला. “या वर्षी,” तो म्हणाला होता. दुसरं वाक्यही होतं, शब्दाला शब्द. पंतांनी पुन्हा लावली, पुन्हा तेच. टिपणवहीत त्यांनी वाक्य अर्धं टिपलं होतं आणि उरलेलं डौलाखातर सोडून दिलं होतं.

शेजारीच नळी तासायचं यंत्र होतं. मेणाचा वरचा पापुद्रा निघाला की नळी कोरी, पुन्हा वापरायला मोकळी. पंतांनी नळी काढून त्या यंत्रावर चढवली. चुकून तासली गेली, एवढंच सांगायचं होतं. बाईंचा शब्द आणि आपला शब्द समोरासमोर आला, तर बारा वर्षांचं वजन कोणाचं, हे उघड होतं.

तेवढ्यात अनसूयाबाई आल्या. यंत्रावरची नळी त्यांना दिसली असावी. हातातला कागद त्यांनी पुढे केला.

“पंत, पहिल्या नळीत एका गावाचं नाव खोकल्यात बुडालंय. तुम्ही पुढेच बसला होतात. तुम्हाला आठवतं का? तुम्हालाही खात्री नसेल तर कोरंच ठेवते.”

नाव त्यांना आठवत होतं असं वाटत होतं. ते सांगायला तोंड उघडलं, आणि खात्री नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

“कोरं ठेवा,” ते म्हणाले.

मग त्यांनी नळी यंत्रावरून उतरवली, डिक्टाफोनवर लावली आणि कोंडाजीला आत बोलावून रबरी नळ्या त्याच्या कानाला लावल्या. कोंडाजीने डोळे मिटून ऐकलं.

“फुडल्या वर्साचं बोलत न्हाई, म्हनतोय.”

“व्हय,” पंत त्याच्याच बोलीत म्हणाले. “मी चुकीचं लिवलं. अर्ज करा.”

अनंतरावांना त्यांनी आपणहून सगळं सांगितलं, नळी तासायला निघालो होतो एवढं सोडून. पुण्याच्या दैनिकाला दुरुस्ती गेली. मुदतीच्या आत कुरवंड्याच्या बेचाळीस घरांच्या हरकती दाखल झाल्या.

पुढच्या पत्रकार परिषदेला अनंतरावांनी बाईंना एकट्यांनाच पाठवलं. पंत खिडकीतून त्यांचा टांगा जाताना पाहत राहिले. मत्सर काही गेला नव्हता, छातीत तसाच टोचत होता. थोड्या वेळाने ते टेबलाशी आले, बाईंचे जुने कागद पुढे ओढले, आणि त्या नेमकं काय गाळतात ते पहिल्यांदाच शिकायच्या हेतूने वाचू लागले.