स्टँडवर न लागणारी गाडी

मला राग आला की मी भांडी घासते. त्या आठवड्यात आमच्या घरातल्या सगळ्या कढया लख्ख झाल्या होत्या, आणि तरी माझा नवरा विचारत होता की तुला झालंय काय.

झालं होतं ते त्याच्या आईचं. माझ्या सासूबाईंना घरात आम्ही आई म्हणतो, बाहेर सगळे सिस्टर म्हणतात. दवाखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झाल्या, पण सिस्टर हे नाव काही सुटलं नाही आणि कामही सुटलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्या पाठीच्या जखमा धुतात, पट्ट्या बदलतात, लघवीची नळी बदलतात, इंजेक्शनं देतात. घरातले लोक नाकाला रुमाल लावून दारात उभे राहतात आणि आमच्या आई आत पेशंटशी गप्पा मारत असतात. उंचीनं लहान, अंगानं काटक. धिप्पाड माणसाला एकट्या कुशीवर वळवतात. माणूस उचलायचा नसतो, त्याचं वजन कुठे आहे ते बघून वळवायचा असतो, हे त्यांनी मला माझ्या पहिल्या बाळंतपणातच ऐकवलं होतं, उगाचच.

हे सगळं चालायचं ते त्यांच्या जुन्या स्कूटरवर. हलकी, बुटकी, रंग उडालेली गाडी. पायाशी औषधांची पिशवी ठेवायची आणि गल्लीबोळातून निघायचं. ती गाडी शेवटी इतकी कुरकुरायला लागली की मेकॅनिकनंच हात जोडले. मग नवऱ्यानं वाढदिवसाला आईला नवी गाडी आणली. कुणाला न विचारता. दारात हार घालून उभी केली आणि म्हणाला, सगळ्यात दणकट आहे, पत्र्याची आहे, रस्त्यावर हलणार नाही.

खरंच दणकट होती. मोठी चाकं, रुंद गुबगुबीत सीट, भारदस्त तोंड. मी चालवून बघितली, खड्ड्यावरून लोण्यासारखी गेली. पण मी आईंपेक्षा वीतभर उंच आहे. आई सीटवर बसल्या तेव्हा सीट इतकी रुंद की मांड्या फाकून पाय वरच राहिले, जमिनीला नुसते चवडे टेकले. मी ते बघितलं. नवऱ्यानंही बघितलं. तो म्हणाला, सवय होईल. आई हसल्या. मुलानं हौसेनं आणलेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, हे त्यांचं जुनं दुखणं.

पुढचे काही महिने त्या मजेत आहेत असंच आम्हाला वाटत होतं. मग एक दिवस मी औषधाच्या दुकानात गेले, तर दुकानदार सहज म्हणाला की सिस्टरची गाडी रोज मीच मेन स्टँडला लावून देतो, त्यांच्याच्यानं लागत नाही. मी तिथंच चक्रावले. घरी येऊन विचारलं तर आईंनी आधी उडवून लावलं, मग कबूल केलं. उजवा गुडघा दुखतो. मेन स्टँडची दांडी उजव्या पायानं दाबायची, त्यावर अंगाचं वजन टाकायचं आणि गाडी मागे ओढायची, तर जड गाडीला तेवढं वजन पुरत नाही आणि गुडघा मोडून येतो. म्हणून जिथं माणूस भेटेल तिथं त्याला सांगायचं, नाही भेटला तर साइड स्टँडवर सोडून द्यायची. मी त्यांच्यावर इतकी चिडले की त्यांनी मलाच पाणी दिलं.

मी नवऱ्याला सांगितलं की गाडी बदलायला हवी. तो म्हणाला, बघू. त्याचं बघू म्हणजे काय ते मला लग्नापासून माहीत आहे.

आणि मग व्हायचं ते झालं. एका पेशंटच्या घरासमोर उतार होता. आईंनी गाडी तोंड उताराकडे करून साइड स्टँडवर लावली आणि पायाशी ठेवलेली पिशवी काढायला वाकल्या. गिअरची गाडी असती तर गिअरमध्ये टाकून ठेवता आली असती. बिनगिअरच्या गाडीचं चाक गाडी बंद असतानाही मोकळंच असतं. ब्रेक दाबून धरणारी कडी अडकवायची राहिली होती. गाडी जराशी पुढे सरकली, साइड स्टँड मागे मिटलं आणि सगळा पत्रा आईंच्या नडगीवर आला. हाड मोडलं नाही एवढंच. पट्ट्या, कापूस, औषधाच्या बाटल्या सगळं रस्त्यावर. पेशंटच्या मुलानं आणि शेजाऱ्यानं मिळून गाडी उचलली. आईंनी रस्त्यावर बसून स्वतःच्या पायाला पट्टी बांधली आणि मग आत जाऊन पेशंटची बदलली.

घरी आल्यावर नवऱ्यानं किल्ली काढून घेतली. म्हणाला, वय झालं, आता पुरे. शांतपणे म्हणाला, समजूतदार माणसासारखा. मला इतका संताप आला की मी घासलेलीच कढई परत घासायला घेतली. उतारावर ब्रेक न लावणं ही चूक होती, आईंनीही ती मान्य केली. पण गाडी चालवताना ही बाई कधी पडली नव्हती. पडली ती उभ्या गाडीशी, त्यानं आणून दिलेल्या गाडीशी, आणि वय मात्र हिचं झालं.

 आई रोज सकाळी आवरून, केस विंचरून खुर्चीत बसायच्या. फोन वाजायचे. सिस्टर, आज येताय का? त्या म्हणायच्या, पाय जरा बरा होऊ दे. एका म्हाताऱ्याच्या पाठीची जखम चिघळल्याचं कळलं तेव्हा त्या उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं की उद्या मी आईंना शोरूमला नेतेय, यायचं असेल तर ये, नसेल तर तुझं तू बघ. तो आला.

शोरूमचा विक्रेता चुणचुणीत होता आणि सगळं नवऱ्याशीच बोलत होता. मायलेज, पिकअप, मोबाइल चार्जिंग. एक बॅटरीची गाडी दाखवली, आवाज नाही, रिव्हर्सही जाते. आईंना रिव्हर्स आवडलं. पण तिची सीट उंच आणि बॅटरीमुळे पाय ठेवायच्या जागेत मध्येच उंचवटा, म्हणजे पिशवी ठेवायची कुठे आणि चढताना दुखरा गुडघा उचलायचा किती. शेवटी विक्रेता म्हणाला, आजींना मागे दोन्ही बाजूंनी जादा चाकं बसवून देऊ, पडायची भीतीच नाही. आईंनी विचारलं, वळताना गाडी कलेल का? तो म्हणाला, कलणार नाही, हँडलच वळवायचं. आणि गल्लीत मावेल का? त्यानं रुंदी दाखवायला हात पसरले आणि लगेच खाली घेतले. चार चाकांवर नव्यानं चालवायला शिकायचं माझं वय नाही, आई म्हणाल्या, पहिल्यांदाच वयाचं नाव काढून.

मग त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली आणि एकेका गाडीला हात लावत निघाल्या. चालवून बघायचं नावच नाही. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, डावा हात हँडलवर, उजवा सीटमागच्या धरायच्या दांड्याला, उजवा पाय स्टँडच्या दांडीवर. उचलायची नाही, नुसतं पायावर उभं राहायचं. एका गाडीची दांडी आखूड होती, जोर बसेना. एकीची लांब, पण गाडीच जड. कोपऱ्यातल्या एका साध्या गाडीपाशी त्या थांबल्या. बारीक सीट, सपाट फुटबोर्ड, अंगानं हलकी. पाय ठेवला, अंग सोडलं, आणि गाडी खट्कन मागे जाऊन स्टँडवर बसली. त्यांनी परत काढली. परत लावली. मग सीटवर बसल्या. दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकले.

नवरा म्हणाला, ही फार हलकी आहे, चाकं लहान आहेत, मोठी गाडी शेजारून गेली तर वाऱ्यानं हलेल. हे काही खोटं नव्हतं. आई म्हणाल्या, हो, हलेल. हमरस्त्यानं मी जात नाही. माझे पेशंट गल्ल्यांत आहेत. खड्डा दिसला की हळू करीन.

तो ऐकेना. एकेक खोट काढत राहिला आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. गाडीतला इतका बारकावा याला कळतो, तर मग ती रणगाड्यासारखी गाडी यानं आणलीच कशी? मी तसंच विचारलं, विक्रेत्यासमोर. तो आधी चिडला. मग खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, जड असली की आपोआप बंद करेल. मी सांगून ती ऐकणार होती का?"

विक्रेता कुठलंतरी पत्रक घेऊन लांब गेला. माझ्या तोंडावर आलं होतं ते मी इथं लिहू शकत नाही. म्हणजे यानं चवडे टेकलेले बघितले, गुडघ्याचं माझ्याकडून ऐकलं, आणि वाट बघत बसला. उतारानं त्याचं काम केलं.

आई सीटवरून उतरल्या नाहीत. आवाजही चढवला नाही.

"मी पेशंटला फसवून सुई टोचत नाही," त्या म्हणाल्या. "दुखेल असं सांगते, मग टोचते. तू मला तोंडावर सांगायचं होतंस, आई, बंद कर. मी ऐकलं नसतं. भांडलो असतो. पण सांगायचं होतंस."

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला.

"मग भीती वाटते म्हण. हार घालून गाडी कशाला आणलीस?"

 आईंनी विक्रेत्याला हाक मारली आणि हीच हवी म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या की ज्या दिवशी हीसुद्धा मला स्टँडला लावता येणार नाही, त्या दिवशी मी आपणहून थांबेन, तोवर कुणी मध्ये पडायचं नाही. मी जोरात हो म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं.

नंबरप्लेट लागून गाडी घरी आली त्या सकाळी आई लवकरच तयार झाल्या. पिशवी फुटबोर्डवर ठेवली, हेल्मेटचा पट्टा लावला, गाडी पुढे ढकलून स्टँडवरून काढली आणि बसल्या. नवरा फाटकापाशी उभा होता. अंघोळ करून, कपडे घालून, सुट्टी काढून. त्यानं विचारलं, "मी येऊ का मागे बसून? नुसता पहिल्या दिवशी."

आईंनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विरघळणार.

"आज नको," त्या म्हणाल्या. "मला अजून राग आहे तुझा." आणि निघून गेल्या.