रेघ मारलेला तारा

कोर्बिनियान श्टाडलहुबर बाहुल्यांना कपडे घालायचा. गावात हसायचे. तोही हसू द्यायचा.

तरुणपणी तो गॅरेजात पत्रा ठोकायचा. पोचा कसा आला हे पत्रा बघून सांगायचा. पुढे जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्याच एका चाचणी केंद्रात लागला. तिथे नव्या गाड्या मुद्दाम आपटून फोडतात आणि त्यांना सुरक्षिततेचे तारे देतात. आत माणसाच्या वजनाच्या बाहुल्या बसवतात, त्यांच्या डोक्यात, छातीत, मांड्यांत मोजमापाची यंत्रं असतात. त्यांना कपडे घालून बसवणं कोर्बिनियानचं काम. सांधे असे आवळायचे की हात आपल्याच वजनाने जेमतेम तोलून राहावा, जरा ढकलला की खाली यावा. मग डोक्याला आणि गुडघ्यांना ओला रंग. आपटल्यावर जिथे रंग लागला, तिथे माणूस आपटला. घाईने बसवलेली बाहुली खोटं बोलते, असं तो म्हणे.

त्या वसंतात एक छोटी गाडी आली. पहिली समोरची धडक. ताशी चौसष्ट किलोमीटर, आणि नाकाचा फक्त चालकाकडचा चाळीस टक्के भाग ॲल्युमिनियमच्या जाळीदार ठोकळ्यावर. रस्त्यावर गाड्या अशाच भिडतात, अर्ध्यामुर्ध्या. सगळा मार एकाच बाजूला खावा लागतो. नाक चेपलं, पण बसायची जागा जशीच्या तशी राहिली. कोर्बिनियानने दार एका हाताने उघडलं. रंग एअरबॅगवर, बाकी कुठे नाही. सोळापैकी पंधरा गुण.

त्याच रविवारी त्याच्या मुलीने, फेरोनिकाने, विचारलं कुठली गाडी घेऊ. तिला सातवा महिना होता. कोर्बिनियानने हीच सांगितली. कारण सांगितलं नाही. आतलं बाहेर बोलायचं नाही अशी सही त्याने दिलेली होती. तिने गाडी घेतली.

मग बाजूच्या धडकेची पाळी आली. या चाचणीची बाहुली वेगळी, तिच्या छातीला बाजूने दबणाऱ्या तीन फासळ्या. कामगार तिला एगोन म्हणत. त्यांच्यातला सेप म्हणाला, "एगोन, बायकोला सांगून आलास ना?" कोर्बिनियानने एगोनचा कंबरेचा सांधा पुन्हा मोजला. थोडा मागे होता. सेप वैतागला, पण कोर्बिनियानने एगोनला पुन्हा बसवला.

साडेनऊशे किलोची ट्रॉली, पुढे चेपणारं जाळीचं तोंड, ताशी पन्नासने थेट चालकाच्या दारात. आवाज एकच. काचेचा चुरा अजून पडत होता तेव्हाच कोर्बिनियान आत वाकला. एगोन ताठ बसलेला. डोक्याचा रंग कुठेच लागला नव्हता. दार आत आलं होतं, पण त्याने याहून वाईट दारं पाहिली होती.

"बरी आहे," तो म्हणाला.

इंजिनियर लिंडहोर्स्ट बाई संगणकाच्या पडद्यासमोर होत्या. त्यांनी त्याला बोलावलं आणि वरच्या फासळीची रेषा दाखवली. फासळी सत्तेचाळीस मिलिमीटर दबली होती. बेचाळीसला छातीचे गुण शून्य होतात.

"बसवण्यात चूक असेल," कोर्बिनियान म्हणाला.

"तुम्हीच बसवलाय ना?"

चूक असती तर त्याला बरं वाटलं असतं.

बाईंनी माणसाच्या आकृतीत रंग भरले. डोकं हिरवं, कंबर हिरवी, पोट नारिंगी, छाती लाल. बाजूचे दहा गुण, समोरचे पंधरा. पंचवीस झाले. पंचविसाला चार तारे मिळतात. त्यांनी चार तारे काढले आणि चौथ्यावर आडवी रेघ मारली. जिवावर बेतेल अशी इजा एका जागी जरी दिसली, तरी शेवटचा तारा असा खोडायचा.

"जाहिरातीत चारही दिसतील, रेघ नाही," सेप म्हणाला. कोणी हसलं नाही.

कोर्बिनियान दाराशी परत गेला. बाहेरून हात फिरवला, मग आतून. आतलं प्लास्टिक एके जागी दुमडून टोकदार झालं होतं, बरोबर छातीसमोर. पत्र्यावरून सगळं कळतं असं मानून त्याने आयुष्य काढलं होतं. समोरून गाडी शाबूत दिसली आणि त्याने पोरीला तिच्यात बसवलं. एगोनच्या फासळ्या सोडवायला त्याला सेपची मदत घ्यावी लागली.

काम सुटल्यावर तो आपली जुनी अवजड गाडी घेऊन थेट फेरोनिकाकडे गेला.

"किल्ली दे. ही तू चालव, तुझी मी नेतो."

"बाबा, तुमच्या गाडीला डिझेलचा वास येतो. मला मळमळतं."

"काचा उघड्या ठेव."

"नवीकोरी आहे माझी. काय बिघडलंय तिचं?"

सही दिलेली होती. त्याची नजर मात्र तिच्या गाडीच्या चालकाकडच्या दारावर गेली आणि तिथेच राहिली. फेरोनिका त्याच्याकडे बघत होती. त्याच्या अंगठ्याच्या नखात एगोनचा निळा रंग सुकला होता. तो रंग ती लहानपणापासून ओळखत होती.

तिने दाराकडे पाहिलं. हात आपोआप पोटावर गेला.

"पण मग तुम्ही तरी कशाला चालवता?"

"घरापर्यंतच," तो म्हणाला. "नंतर हलवणार नाही."

तिने किल्ली दिली. तो चालकाच्या जागेवर बसला, जमेल तितका दारापासून दूर सरकून, आणि सावकाश निघाला. प्रत्येक चौकात थांबला. डावीकडे, आपल्या दाराच्या बाजूला पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. मागून हॉर्न वाजत होते.