चरक खाते तोट्यात नव्हते

साठच्या दशकात मी साताऱ्याच्या एका कारखान्यात हिशेबनीस होतो. तिथे नांगर आणि उसाचे चरक बनत. चरकाच्या विक्रीतून माल, मजुरी, त्याच्या वेगळ्या शेडचे भाडे आणि मेस्त्रीचा पगार वजा जाता वर्षाला सहा हजार उरत. त्यातून मी सांगलीच्या मुख्य कचेरीच्या खर्चाचा वाटाही कापला, नऊ हजार. कागदावर तीन हजारांचा तोटा दिसू लागला.

तक्ता पाहून मेस्त्री म्हणाला, "आवं सायेब, शेड माजी, पगार माजा, कबूल. पर सांगलीचा म्यानेजर मी कवा ठिवला?"

मी हसण्यावारी नेले. त्याचे बरोबर आहे हे मला तेव्हाच कळले होते. पण विक्रीच्या प्रमाणात वाटणी करायची पद्धत मीच घालून दिली होती. मालकांपुढे ती चूक म्हणायला जीभ रेटेना.

चरक खाते बंद झाले, शेड सोडली, मेस्त्री आणि त्याचे कामगार घरी गेले. कचेरीचा खर्च रुपयानेही घटला नाही. ते नऊ हजार नांगरांवर चढले आणि कारखान्याचा नफा सहा हजारांनी उतरला. मालकांनी कारण विचारले तेव्हा मी बाजार मंद असल्याचे सांगितले.

मेस्त्रीच्या गावी, कुंडलला, लोक त्याला खाते बुडवलेला मेस्त्री म्हणत. तो बोल माथी घेऊनच तो वारला. खाते त्याने नाही, मी बुडवले.