वहिनींचा उचलीचा अर्ज

चष्म्याच्या त्या कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत. तिचा नवरा तिथे काचा घासायचा. तो गेल्यावर त्याच्याच मशीनवर ती बसली आणि त्याच्या मित्रांची वहिनी पुढे सगळ्यांचीच वहिनी झाली. मालकसुद्धा तिला वहिनीच म्हणत. हाताखालून हजारो काचा गेल्या, पण पगाराच्या तारखेआधी तिने कधी दमडी मागितली नव्हती. या गोष्टीचा तिला फार अभिमान होता. तोंडाने म्हणायची नाही, पण कोणी उचल मागायला केबिनमध्ये शिरलं की तिची मान आपोआप ताठ व्हायची.

घरी ती आणि तिची थोरली नणंद, दोघीच. वन्संनी लग्न केलं नव्हतं. घरबसल्या कपडे शिवायच्या आणि दिवसभर भावजयीच्या चुका काढायच्या. भाजीत मीठ जास्त, दाराला कडी नीट नाही, एक ना दोन. वहिनीही काही कमी नव्हती. शेजाऱ्यांना वाटायचं, या दोघी आज ना उद्या वेगळ्या होणार.

त्या सोमवारी वन्संच्या पोटात दुखायला लागलं. "वात असेल," म्हणून त्यांनी अंगावर काढलं. संध्याकाळी त्या शिलाई मशीनवरच वाकड्या झाल्या. वहिनीने रिक्षात घालून हॉस्पिटल गाठलं. अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन. वहिनीने बँकेत साठवलेले वीस हजार अनामत म्हणून भरले आणि बाहेरच्या बाकावर पदराचं टोक पिळत बसून राहिली. भांडायला माणूस उरलं नाही तर घरात आवाज कोणाचा, असलं काहीतरी तिच्या डोक्यात फिरत होतं.

वन्सं वाचल्या. बुधवारी बिलाच्या खिडकीवरच्या मुलीने अंदाजाचा कागद हातात दिला. एकूण बासष्ट हजार. भरलेले वजा जाता बेचाळीस बाकी. शनिवारी घरी सोडणार, त्याआधी भरायचे.

वहिनीचा पगार अठरा हजार. दागिन्यांच्या नावाने कानातली दोन फुलं, तीही नवऱ्याच्या आजारपणातच गेलेली. उरला एकच मार्ग, ज्याला तिने आजवर नाक मुरडलं होतं.

वन्संच्या खाटेशेजारी बसून तिने अर्ज लिहायला घेतला. लिहिता लिहिता तीन पानं भरली. नवरा कसा गेला, आपण किती इमानाने काम केलं, नियतीने कसा घाला घातला, मालक म्हणजे कसे मायबाप.

"काय लिहितेस एवढं? आण इकडे," वन्संचा आवाज बारीक झाला होता, पण धार तीच. त्यांनी उशीला टेकून कागद वाचला. "अगं, हा अर्ज आहे की रडगाणं? मालकाला दोन गोष्टी कळायला हव्यात. किती पाहिजेत आणि परत कसे देणार. त्या कुठे आहेत?"

"आहेत की शेवटी. दरमहा सात हजार, सहा महिने."

"सात? अठरातून सात गेले, साडेपाच भाडं गेलं. मग आपण खायचं काय? काचा?"

"लवकर फिटलेलं बरं, वन्सं. मला त्यांच्यापुढे मिंधं राहायचं नाही."

"तिसऱ्या महिन्यात हप्ता चुकला की मग ताठ मानेने फिरशील?" एवढं बोलून वन्संना धाप लागली. पोटावर हात दाबत त्या म्हणाल्या, "तीन हजार लिही. झेपेल तेच लिही."

वन्सं म्हणत होत्या ते बरोबर होतं आणि तेच वहिनीला जास्त झोंबत होतं. तिने नवा कागद घेतला. नणंदेचं तातडीचं ऑपरेशन झालं आहे, बेचाळीस हजार भरायचे आहेत, अंदाजाचा कागद सोबत जोडला आहे. पुढच्या महिन्याच्या पगारापासून दरमहा तीन हजार कापून घ्यावेत, चौदा हप्त्यांत रक्कम पुरी होईल. मध्येच नोकरी सोडली तर बाकी माझ्या येणे रकमेतून वळती करावी, याला माझी संमती आहे. खाली सही. अर्ध्या पानात आटोपलं.

गुरुवारी ती अर्ज घेऊन केबिनमध्ये शिरली. आत मालक होते आणि हिशेब बघणारी त्यांची लेक. मालकांनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"वहिनी, हे नोकरी सोडली तर वगैरे कशाला लिहिलंत? तुम्ही कुठे जाताय?"

"लिहिलेलं बरं, मालक. माणसाचं काय सांगावं?"

मालकांनी अर्ज लेकीपुढे सरकवला. गेल्या वर्षी पॅकिंगमधला एकजण उचल घेऊन जो गेला तो परत फिरकला नव्हता. तेव्हापासून मालकांनी दंडक घातला होता. दोन पगारांच्या वर उचल नाही, कोणालाच नाही.

"छत्तीस देता येतील," लेक हळू आवाजात म्हणाली. "बाबा, तुमच्याच नियमाने."

"छत्तीसच," मालक म्हणाले. त्यांना ते बोलताना बरं वाटलं नसावं. "तुम्हाला जास्त दिले तर उद्या बाहेर रांग लागेल. राग मानू नका."

वहिनीला क्षणभर वाटलं, कागद उचलावा आणि निघून जावं. पण तिने विचारलं, "मग हप्ते बारा होतील ना?"

"बाराच," लेक म्हणाली. तिने अर्जावर रक्कम आणि हप्ते दुरुस्त केले आणि दोघींनी शेजारी सह्या केल्या. "व्याज नाही. दर महिन्याच्या पगारचिठ्ठीवर किती कापले, किती राहिले ते येईल. चेक हॉस्पिटलच्या नावाने काढू? उद्या दुपारी घेऊन जा."

राहिले सहा हजार. बिलाच्या खिडकीवरच्या मुलीला वहिनीच्या चेहऱ्याची दया आली असावी. तिने सांगितलं, न वापरलेली औषधं मेडिकलमध्ये परत करा. सलाइनच्या बाटल्या आणि न फोडलेली इंजेक्शनं परत गेली, अठराशे कमी झाले. उरलेल्या बेचाळीसशेंसाठी ती डॉक्टरांना भेटली. पुढच्या आठवड्यात टाके काढायला येताना भरा, असं त्यांनी बिलावर लिहून दिलं.

घरी आल्यावर ते पैसे वन्संनी खाटेवरूनच उभे केले. कोपऱ्यावरच्या बाईकडे दोन ब्लाउजचे, शाळेच्या बाईंकडे पडद्यांचे, अशी तोंडपाठ उधारी त्यांनी सांगितली आणि वहिनीला दारोदार पिटाळलं. "लाजू नकोस. आपलेच आहेत," असंही बजावलं. फक्त एकीने उद्या या म्हणून सांगितलं. बाकीच्यांनी दिले, शाळेच्या बाईंनी तर वर पपई दिली.

पहिल्या कापलेल्या पगाराची चिठ्ठी हातात आली तेव्हा वहिनी ती उघडायला कारखान्याच्या जिन्याखाली गेली. शेजारच्या मशीनवरच्या बाईने तिला तिथे गाठलं आणि काही न विचारता म्हणाली, "माझे अजून पाच हप्ते राहिलेत." दोघी हसल्या. कितीजणांना केबिनमध्ये शिरताना आपण बघितलं आणि काय काय मनात आणलं, हे वहिनीला त्या जिन्याखाली आठवलं आणि तिचे कान तापले.

दोन महिन्यांनी वन्सं पुन्हा शिवायला बसल्या. पहिली शिलाई आली तशी त्यांनी दीड हजार वहिनीपुढे ठेवले.

"हे कशाला?"

"पोट माझं फाडलं होतं. अर्धा हप्ता माझा."

"अर्जावर सही माझी आहे. ठेवा ते तुमच्याकडे."

"मी देते म्हटलं की देते!"

शेजारणीने भिंतीपलीकडून आवाज ऐकला आणि नवऱ्याला सांगितलं, झालं सुरू दोघींचं, म्हणजे बाई बरी झाली. पैसे शेवटी डब्यात गेले, भाड्यासाठी. आणि वन्संनी त्याच बैठकीत सांगून टाकलं की आजची आमटी अळणी होती.